थिन डिस्क की फिक्स्ड डिस्क: उद्यमनगरातल्या एका सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कास्टिंगचं मशिनिंग करणाऱ्या एका कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथल्या ऑफिसमध्ये एकच सर्व्हर आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलंय आणि त्यात चार व्हर्च्युअल मशीन चालतात: हिशेबाचं विंडोज, ड्रॉइंगच्या फाइल्सचा सर्व्हर, एक लिनक्स, आणि जुन्या सीएनसीच्या सॉफ्टवेअरसाठी मुद्दाम जिवंत ठेवलेलं जुनं विंडोज. आधी सगळ्यांच्या डिस्क थिन होत्या. आता हिशेबाची फिक्स्ड केली आहे, बाकी तिन्ही थिनच ठेवल्या आहेत. असं का केलं, ते सांगतो.

प्रॉक्समॉक्स नेहमीच्या पद्धतीनं टाकलं की १ टीबीच्या एसएसडीवर `local-lvm` नावाचा थिन पूल आपोआप तयार होतो. सिस्टिमचा वाटा जाऊन त्यात साधारण ७९० जीबी उरतात. आम्ही हिशेबाला २५०, फाइल्सना ६००, लिनक्सला १२० आणि जुन्या विंडोजला ८० जीबीची डिस्क दिली. बेरीज १०५० होते. म्हणजे कार्यालय सातशे-आठशेंचं आणि पत्रिका वाटल्या हजाराच्या वर. सगळे एकदम जेवायला येत नाहीत, या भरवशावर थिनचा कारभार चालतो. मशीननं डिस्कच्या एखाद्या भागावर पहिल्यांदा लिहिलं की तेव्हाच पूल तिथं खरी जागा देतो, तोवर ती जागा नुसती कागदावर असते.

फिक्स्डमध्ये ही भानगड नाही. साध्या एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कचे वाटे पाडण्याच्या लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीवर, २५० जीबीची डिस्क केली की २५० जीबी त्याच क्षणी बाजूला निघतात, आत दहाच जीबीचा माल असला तरी. जागा वाया गेल्यासारखी वाटते खरी, पण त्या जागेला दुसरं मशीन हात लावू शकत नाही.

आधी वेगाचं बोलतो, कारण सगळे तेच विचारतात. नवीन एसएसडी घेतली तेव्हा ती कामाला लावण्याआधी मी तिच्यावर एक छोटा थिन पूल आणि एक साधी एलव्हीएम डिस्क अशा दोन्ही केल्या आणि लिनक्स मशीनला एकेक करून जोडून मोजलं. कोऱ्या डिस्कवर ही कमांड चालवली (`/dev/sdb` वरचं सगळं पुसलं जातं, भरलेल्या डिस्कवर चुकूनही चालवू नका):

```
fio --name=t --filename=/dev/sdb --size=20G \
 --bs=4k --rw=randwrite --direct=1 \
 --ioengine=libaio --iodepth=32
```

थिनवर पहिली फेरी स्पष्टपणे हळू गेली. तीच कमांड लगेच पुन्हा चालवली तर थिन आणि फिक्स्ड यांच्यात सांगण्यासारखा फरक उरला नाही. मग डिस्कच्या सेटिंगमध्ये `Discard` टिक असताना `blkdiscard /dev/sdb` करून सगळी जागा पूलला परत दिली आणि तिसरी फेरी घेतली. ती परत पहिलीसारखी हळू. म्हणजे थिन डिस्क कायमची मंद नसते. पहिल्यांदा लिहिताना पूलला मोकळा तुकडा शोधायचा असतो, त्याची नोंद करायची असते, आणि वेळ त्यात जातो. ड्रॉइंग एकदा सेव्ह करून दहादा उघडणाऱ्याला हे कधी कळणारही नाही.

यात एक मेख आहे. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणारी प्रत, घेतला की आधी दिलेले तुकडे मशीन आणि स्नॅपशॉट यांच्यात सामाईक होतात. मग त्यांच्यावर लिहायचं झालं तर पूलला पुन्हा नवा तुकडा द्यावा लागतो आणि वेळेला जुन्याची नक्कलही करावी लागते. पहिल्या फेरीचा तो हळूपणा असा मागच्या दारानं परत येतो. हिशेबाच्या मशीनवर अपडेटआधीचा स्नॅपशॉट महिनाभर पडून असेल आणि महिनाअखेरीला “सॉफ्टवेअर जड चाललंय” अशी तक्रार आली, तर आधी स्नॅपशॉटची यादी बघा.

माझं खरं डोकं खाल्लं ते जागेनं. पावसाळ्यात एका जुन्या पीसीवरची सगळी ड्रॉइंग फाइल सर्व्हरवर आणली. ती लावून झाल्यावर दुबार झालेला माल, सुमारे २१० जीबी, डिलीट केला. फाइल सर्व्हरच्या आत बघितलं तर ६०० पैकी ३१० वापरलेले, बाकी मोकळे. पण होस्टवर ही कमांड दिली तर पूलचा Data% ९१ वर:

```
lvs -o lv_name,lv_size,data_percent,metadata_percent pve
```

मालक मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, “आत तर अर्धी जागा रिकामी दिसतीया की, मग भरलं कुठनं?”

प्रश्न रास्त होता. फाइल डिलीट केली की विंडोज फक्त आपल्या वहीत “ही जागा मोकळी” असं लिहितं. खालच्या पूलला ते कुणी सांगत नाही, त्याच्या लेखी तिथं अजून माल आहे. सांगण्याचं काम ट्रिमचं. पण प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कच्या सेटिंगमधला `Discard` हा चौकोन आपण टिक केल्याशिवाय ट्रिम खालपर्यंत पोचत नाही, आणि तो मुळात रिकामा असतो. आमचाही रिकामाच होता. त्यामुळे फाइल सर्व्हरची डिस्क पूलच्या हिशेबात ५२० जीबीची होती. हिशेबाचे ११०, लिनक्सचे ४५, जुन्या विंडोजचे ४० आणि स्नॅपशॉटचे किरकोळ धरले की ७२० होतात, आणि ७९० तले ७२० म्हणजे ९१ टक्के.

टिक केली. मशीन आतून नुसतं रीस्टार्ट करून हा बदल लागू होत नाही, पूर्ण शटडाऊन करून प्रॉक्समॉक्समधून पुन्हा चालू करावं लागतं. विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्हच्या खिडकीत प्रकार `Thin provisioned drive` असा दिसायला हवा, पण खरी खात्री ट्रिमनंतर `lvs` मध्ये त्या डिस्कचा Data% उतरला की होते. लिनक्समध्ये `lsblk --discard` द्यायचं. `DISC-MAX` खाली शून्य असेल तर ट्रिम खाली जातच नाहीये असं समजा. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये:

```
Optimize-Volume -DriveLetter D -ReTrim -Verbose
```

लिनक्सला `fstrim -av`.

इतकं करून पूल ९१ वरून ८८ वर आला, पुढं हलेना. फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कचा Data% मात्र ८७ वरून ५२ पर्यंत उतरला होता. डिस्क हलकी झाली, पूल तेवढाच भरलेला. हे दोन आकडे असे फाटले की स्नॅपशॉटवर संशय घ्यायचा. `lvs` च्या यादीत `snap_` नं सुरू होणारी एक ओळ होतीच. ड्रॉइंग आणून झाल्यावर, डिलीट करण्याआधी घेतलेला तो स्नॅपशॉट होता. फाइल सर्व्हरनं जागा सोडली, पण स्नॅपशॉटनं तेच तुकडे धरून ठेवले. तो प्रॉक्समॉक्समधून काढला आणि पूल ६५ च्या आसपास येऊन बसला. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी जुने स्नॅपशॉट काढायचे, मग ट्रिम.

पूल शंभरला टेकला तर काय होतं, हेही त्या नव्या एसएसडीवर मुद्दाम करून बघितलं. २० जीबीचा पूल केला, त्यावर दोन मशीन ठेवली आणि एक भरत नेलं. पूल भरल्यावर लिहिणं आधी नुसतं लटकतं. एलव्हीएम ठरावीक वेळ, मुळात ६० सेकंद, कुणी जागा वाढवतंय का याची वाट बघतं. नंतर एरर देतं, आणि प्रॉक्समॉक्सच्या यादीत मशीनपुढं `io-error` येऊन ते थिजतं. माझं लक्ष मात्र दुसऱ्या मशीनकडं होतं. त्यानं काहीच पाप केलं नव्हतं. जुन्याच जागेवर वाचत-लिहीत होतं तोवर चाललं, नवीन तुकडा मागितला त्या क्षणी तेही थिजलं. त्याच्या आत बघाल तर डिस्कवर भरपूर जागा मोकळी! थिजण्याच्या क्षणी डेटाबेस लिहीत असेल तर नंतर दुरुस्ती करत बसायची वेळ येऊ शकते.

हिशेबाची डिस्क फिक्स्ड केली ती या कारणानं. वेगासाठी मी तो खटाटोप केला नसता. ड्रॉइंगवाल्यांनी उद्या फोल्डर ओतून पूल भरला तरी बिलं थांबता कामा नयेत, एवढंच हवं होतं.

त्यासाठी दुसरी एसएसडी मात्र घ्यावी लागली. आहे त्याच पूलमधून जागा काढून साधं एलव्हीएम करावं, असं पहिल्यांदा वाटलं होतं. पण एलव्हीएमचा थिन पूल वाढवता येतो, लहान करता येत नाही. शाहूपुरीतून ५०० जीबीची आणली, तिच्यावर साधं एलव्हीएम केलं आणि `Move Storage` नं डिस्क तिकडं नेली. मशीन चालू असताना झालं, ऑफिसमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. नवीन सर्व्हर टाकणाऱ्यांनी इन्स्टॉल करतानाच पूल थोडा लहान ठेवला तर हा खर्च वाचेल.

बाकी तीन मशीनना थिन सोडायचा विचार नाही. जुन्या विंडोजच्या ८० पैकी ४० जीबी कायम रिकामे असतात, ते फिक्स्डमध्ये अडकवून ठेवणं परवडणारं नाही. तिघांनाही `Discard` टिक आहे, आणि लिनक्स व फाइल सर्व्हरवर ट्रिम आठवड्याला आपोआप होतं. लिनक्सला त्यासाठी `fstrim.timer` असतो, नव्या विंडोजचं स्वतःचं वेळापत्रक असतं. होस्टवर एक छोटी स्क्रिप्ट रोज Data% बघते आणि ८० ओलांडले की मला मेल टाकते. सोबत Meta% वरही नजर ठेवा. पूलची नोंदवही भरली तर ते प्रकरण जागा संपण्यापेक्षा किचकट असतं, आणि नुसत्या Data% कडं बघणाऱ्याला ते दिसतच नाही.

फिक्स्डची एक गैरसोय रोज नाही, पण महिन्यातून एकदा टोचते. आमच्या साध्या एलव्हीएमच्या डिस्कवर प्रॉक्समॉक्स स्नॅपशॉट घेऊ देत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की पूर्वी चुटकीसरशी स्नॅपशॉट घेऊन मोकळा व्हायचो. आता ऑफिस सुटल्यावर पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो आणि अपडेट दुसऱ्या दिवशी सकाळी. अकाउंटंट ताई त्यावरून अजून कुरकुरतात.