कॅश काउंटर की फळा

बँकेच्या सीताबर्डी शाखेत मी नऊ वर्षं कॅश काउंटरवर होतो; आता शाळेत शिक्षक आहे. संध्याकाळी कॅश जुळली की दिवस संपायचा. एकदा पाचशेची एक नोट कमी भरली, ती मी खिशातून टाकली. पगार मात्र वेळेवर.

शाळेत वह्या घरी येतात. इथवर यायला आधी बी.एड., शिक्षक भरतीची टेट परीक्षा, मग सरकारी भरतीच्या पवित्र पोर्टलवरून माध्यमिकला शिक्षण सेवक: तीन वर्षं महिना १८,००० रुपये मानधन. बँकेत याच्या दुपटीहून जास्त मिळायचं. घराचा हप्ता बायकोच्या पगारातून गेला. बँक सोडून शिक्षक व्हायचं असेल, तर बी.एड.ची दोन वर्षं धरून हा हिशोब आधी मांडा.

परवा नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. "सर, सावकार बाबांकडून जास्त व्याज घेतोय." मी आकडे तपासले. तिचं बरोबर होतं.