१८८५ हे साल नव्हतंच

सोलापूरच्या मंगळवार बाजाराजवळ एका जुन्या मालाच्या दुकानातून मी गेल्या वर्षी पितळी मायक्रोस्कोप घेतला. १४,००० रुपये रोख मोजले, पावती मागितली नाही. नळीवर लाइट्स, वेट्झलार असं जर्मन कंपनीचं नाव आणि त्याखाली १८८५. "अठराशे पंच्याऐंशीचा आहे साहेब, सगळं अस्सल पितळ." दुकानदाराने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून दाखवला. पेशी इतक्या स्वच्छ दिसल्या की मी घासाघीस करायचीच विसरलो.

खरी मेख त्या कांद्यातच होती. खाली तीन भिंगं होती, पण त्याने फिरवून दाखवलं ते फक्त सगळ्यात कमी ताकदीचं. ते आरशाच्या उजेडावरही चालतं.

कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या लॅबमध्ये आयुष्य गेलेले शेजारचे काका बघायला आले. त्यांनी आधी मंचाखाली बोट घातलं. तिथे नुसतंच कडं, उजेड एकवटणारा कंडेन्सर गायब. मग तिन्ही भिंगं काढून एकेक उलटं धरलं आणि डोळ्याजवळचं भिंग उलटं करून त्यातून न्याहाळलं. मधल्या भिंगात नेच्याच्या पानासारखी नक्षी होती. दोन काचा जोडणारा बाल्सम सुटला की असं होतं. ते पुसून जात नाही आणि चित्र दुधाळ दिसतं. तेलात बुडवून वापरायच्या तिसऱ्या भिंगाला तर पुढची काचच नव्हती. मोहरीएवढी ती काच, तिच्या जागी भोक. ज्या पितळी डबीत हे भिंग होतं, तिच्यावर मात्र १/१२ ही तेलाच्या भिंगाची खूण स्पष्ट कोरलेली. डबी खरी, आत पोकळ नळकांडं!

आणि नळीवरचा तो १८८५ चा आकडा? कारखाने नळीवर घालतात तो अनुक्रमांक, साल नव्हे. याच कंपनीने १९०७ मध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला दिलेला मायक्रोस्कोप एक लाखावा होता. म्हणजे खरा १८८५ क्रमांकाचा नग फारच सुरुवातीचा ठरला असता. काकांनी नखाने आकडे चाचपले. नावाची अक्षरं पॉलिशने झिजून उथळ झालेली, आकड्यांच्या कडा मात्र ताज्या, वरखाली, ठोकणीने एकेक मारलेल्या. मूळ क्रमांक घासून काढला असणार, असं काका म्हणाले. नाव आणि क्रमांक एकाच हाताने, एकाच काळी कोरलेले असले तर झीजही सारखीच हवी, हे तेव्हा मला कुठे ठाऊक!

मी तो घेऊन परत दुकानात गेलो. "जुना माल परत घेत नाही," दुकानदार म्हणाला, "पितळेच्या भावाने घेतो." काट्यावर ठेवला, मग बुडाला लोहचुंबक लावून बघितला. चिकटला.

"बूड लोखंडाचं आहे साहेब. तेवढं वजन वजा करावं लागेल."