ताईला कुर्ता घ्यायचाय, साइज माहीत नाही, आवड तर देवालाच माहीत: कुठून घेतलेला कुर्ता बदलून मिळतो?

माझी ताई नाशिकला, मी पुण्यात. कपड्यांच्या बाबतीत ती इतकी चोखंदळ आहे की दाजींनी पंधरा वर्षांपूर्वीच तिच्यासाठी कपडे आणणं सोडून दिलंय. भाऊबीजेला मात्र मला काहीतरी न्यावंच लागतं आणि ती "छान आहे रे" असं ज्या आवाजात म्हणते ना, त्यावरूनच कळतं की हा कुर्ता आता कपाटाच्या तळाशी जाणार. म्हणून गेली काही वर्षं मी आधी बदलीचा विचार करतो आणि मग कुर्त्याचा. तुम्हीही अशाच कुणासाठी घेणार असाल तर लोकल दुकान, ब्रँडचं शोरूम, ऑनलाइन आणि गिफ्ट कार्ड, चारही करून झालंय, सांगतो.

आधी गिफ्ट रिसीटचं. अमेरिकेत राहणारे नातेवाईक सांगतात ते असं, की दुकानदार किंमत न छापलेली वेगळी पावती देतो, ती गिफ्टसोबत ठेवायची, आणि ज्याला मिळालं तो स्वतः जाऊन बदलून आणतो. आपल्याकडे काउंटरवर गिफ्ट रिसीट मागितली तर बहुतेक ठिकाणी नुसतं तोंडाकडे बघतात. आणि दिली तरी अर्धंच काम होतं, कारण आपल्याकडे कपड्याच्या टॅगवरच एमआरपी छापलेली असते, ती छापणं बंधनकारकच आहे. आता आपली पद्धत काय, तर गिफ्ट द्यायच्या आधी किमतीचा टॅग ओढून काढायचा. आणि बदलीची पहिली अट काय, तर टॅग जागेवर पाहिजे. म्हणजे किंमत लपवायला जाऊन आपणच बदलीचा दरवाजा बंद करतो. मी हे सलग दोन वर्षं केलंय, हसू नका.

यावर माझा उपाय साधा आहे. टॅग तोडायचा नाही, चिकटपट्टीही लावायची नाही कारण ती काढताना बारकोड सोलून निघतो. टॅगच्या मापाचं छोटं कागदी पाकीट करायचं, टॅग त्यात सरकवायचा आणि पाकिटाचं तोंड टॅगच्या दोऱ्याभोवती दुमडून स्टेपल करायचं. स्टेपल कागदालाच, कापडाला नाही. काही टॅगना खाली एमआरपीची फाडायची पट्टी असते आणि बारकोड वरच्या भागावर असतो, तिथे पट्टी फाडली तर चालेल का हे काउंटरवरच विचारा, घरी येऊन अंदाज लावू नका.

आता लोकल दुकान. लक्ष्मी रोडवर व्हरायटी आहे, भाव होतो, आणि दुकानदार ओळखीचा असला तर बदली सगळ्यात सोपी इथेच, बिलसुद्धा न बघता "घेऊन जा हो दुसरा" म्हणणारे आहेत. पण हे सगळं त्या एका दुकानापुरतं आणि त्या एका माणसापुरतं. नाशिकच्या ताईला त्याचा काय उपयोग, ती कुर्ता मला परत देणार, मी तो पुण्यात आणणार, मग मी माझ्या अकलेने दुसरा निवडणार आणि तोही तिला आवडणार नाही. शिवाय "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी असतेच. या पाटीबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या दिवसांत आणि नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यायला हवा. म्हणजे शिवण उसवलेली निघाली, कापडाला भोक निघालं तर पाटी दाखवून चालणार नाही, दाद मागायला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण साइज झाली नाही किंवा रंग आवडला नाही हा दोष नाही, तिथे दुकानदार जे कबूल करेल तेवढंच. म्हणून पैसे द्यायच्या आधी विचारायचं, "काका, बहिणीला नाही आवडला तर बदलून मिळेल ना, आणि कधीपर्यंत?" आणि ते हो म्हणाले की बिलावर तारखेसकट लिहून घ्यायचं. तोंडी "हो हो, या की" दिवाळीनंतर कुणाच्याही लक्षात राहत नाही, आणि काउंटरवर तेव्हा दुसराच पोरगा असतो.

साडी घेणार असाल तर साइजचा प्रश्न नाही असं वाटतं, पण तिथे घडीचा प्रश्न आहे. घडी मोडली की बदली संपली, फॉल-पिको केलं किंवा ब्लाउजपीस कापला तर विषयच नको. आपण कौतुकाने फॉल-पिको करूनच देतो, ते चोखंदळ माणसाला करू नका. ड्रेस मटेरियलचंही तसंच, साइज चुकत नाही पण कापड आवडलं नाही हे टेलरकडे द्यायच्या आत तिने बोलायला हवं.

ब्रँडचं शोरूम मला आमच्या केससाठी सगळ्यात बरं वाटतं, फक्त तीन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे दुसऱ्या शहरातली शाखा बदलून देते का. नाव एकच असलं तरी काही दुकानं कंपनीची असतात आणि काही फ्रँचायझी, आणि फ्रँचायझीवाला दुसऱ्याच्या बिलावरचा माल घेईलच असं नाही. मी एकदा पुण्यात "कुठेही बदला सर" ऐकून निर्धास्त झालो आणि नाशिकला ताईला सांगितलं की हे बिल आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही. तेव्हापासून मी खरेदीच्या आधी नाशिकच्या शाखेला फोन करतो, पुण्याच्या नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट मुदत, आणि इथेच सगळे फसतात. दिवस खरेदीपासून मोजतात, गिफ्ट उघडल्यापासून नाही. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. मी शहाण्यासारखा ५ ऑक्टोबरच्या रविवारी, गर्दीच्या आधी कुर्ता घेतला, बिलावर बदलीची मुदत १५ दिवस, म्हणजे २० तारखेला संपली. ताईने पाकीट उघडायच्या तीन दिवस आधीच! आणि तिला दुकानात जायला सवड मिळाली २६ तारखेच्या रविवारी, म्हणजे खरेदीपासून एकविसाव्या दिवशी. तोच कुर्ता मी धनत्रयोदशीला, १८ तारखेला घेतला असता तर २ नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळाली असती, त्यात भाऊबीजेनंतरचे दोन रविवार आले असते. गर्दी सोसावी लागली असती, ती सोसायला पाहिजे होती. लवकर घ्यायचंच असेल तर काउंटरवर सांगा की गिफ्ट आहे, मुदत वाढवून मॅनेजरची सही द्या. काही जण देतात, काही नाही, विचारायला काय जातंय.

तिसरी, बिल. थर्मल कागदावरचं बिल पाकिटात पुसट होत जातं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढायचा. बऱ्याच ठिकाणी बिल मोबाइल नंबरवर असतं, पण मग बदलताना ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही नेमके मीटिंगमध्ये असता. तिचाच नंबर दिला तर किमतीचा मेसेज तिलाच जातो, मग कागदी पाकिटाची कारागिरी फुकट. मी माझाच नंबर देतो आणि तिला सांगून ठेवतो की दुकानातून फोन कर. ऑफरमधला माल मात्र गिफ्टसाठी घेऊच नका. दोनावर एक फ्रीमधला एकच कुर्ता परत करायला गेलात तर त्याची किंमत किती धरायची यावर वाद होतो, आणि क्लिअरन्सच्या बिलावर तर "नो एक्स्चेंज" छापूनच येतं.

ऑनलाइनमध्ये साइजचा प्रश्न चांगला सुटतो, आवडीचा नाही. एक्स्चेंज म्हणजे सहसा तोच कुर्ता दुसऱ्या साइजमध्ये, दुसरं डिझाइन हवं तर रिटर्न करून नवीन ऑर्डर. रिटर्नची रिक्वेस्ट ज्याच्या अकाउंटवरून ऑर्डर गेली त्यालाच टाकता येते आणि पैसेही त्यालाच परत येतात. म्हणजे ताईने मला फोन करून "नाही आवडला" असं तोंडाने सांगायला पाहिजे, आणि ती ते कधीच सांगत नाही, त्यामुळे कुर्ता तळाशी. तिला हे अवघड वाटत नसेल, तुमचं नातं तसं मोकळं असेल, तर ऑनलाइन उत्तम, कारण पिकअप थेट तिच्या घरून होतो. पण त्यासाठी डिलिव्हरीही तिच्याच पत्त्यावर करा. स्वतःकडे मागवून मग घेऊन गेलात तर मुदतीतले दिवस तुमच्याकडेच संपतात, आणि पिकअप तुमच्या पत्त्यावर लागतो.

गिफ्ट कार्ड हा आवडीच्या बाबतीत सगळ्यात सुरक्षित पण सगळ्यात कोरडा प्रकार. तबकात कार्ड ठेवलं तर ताई म्हणाली, "यापेक्षा पैसेच दिले असतेस की." बँकेचं किंवा वॉलेट कंपनीचं, अनेक दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते किमान एक वर्ष चालतं आणि १०,००० रुपयांपेक्षा जास्तीचं मिळत नाही. एखाद्या दुकानाचं, फक्त त्यांच्याकडेच चालणारं कार्ड या नियमात येत नाही, त्याची मुदत ते ठरवतील ती, मागे बारीक अक्षरात बघा. उरलेली रक्कम पुढच्या खरेदीला चालते का तेही विचारा, नाहीतर २,००० च्या कार्डावर १,७०० चा कुर्ता घेतला की ३०० गेले.

आणि साइज. बदलीची वेळच कमी यावी म्हणून दाजींना तिचा एक नीट बसणारा कुर्ता मोजायला सांगा. पलंगावर सपाट पसरायचा, एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप लावायचा आणि आकडा दुप्पट करायचा. दाजींनी २० इंच सांगितलं, म्हणजे कुर्त्याची छाती ४० इंच, साधारण १०२ सेंमी. पण लेबलवरचा आकडा कुर्त्याचा आहे की अंगाचा हे ब्रँडप्रमाणे बदलतं, काही जण अंगाचं माप लिहितात आणि कुर्ता त्याहून दोन-तीन इंच मोठा असतो. म्हणून एम की एल यावर वाद घालण्यापेक्षा खिशात टेप न्या आणि दुकानातला कुर्ताही तसाच पसरून मोजा. सेल्सगर्ल बघते, बघू दे. दोन साइजमध्ये अडकलात तर मोठा घ्या, तो टेलर आत घेतो, लहान कुर्त्याला शिवणीत कापडच नसेल तर काही करता येत नाही. फक्त टेलरने हात लावला की बदली नाही, हे ताईला आधी सांगा.

या वर्षी मी नाशिकला शाखा असलेल्या शोरूममधूनच घेणार, भाऊबीजेच्या चार-पाच दिवस आधी, आणि बिल ताईला नाही, दाजींकडे देणार. त्यांना ती खरं सांगते.