दोन कॅप्शन, एक फोटो: एंगेजमेंट रेटमधला फरक खरा की योगायोगाचा?

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका घरगुती व्यवसायासाठी भाजणीच्या चकलीचा एकच फोटो आणि त्याखाली दोन कॅप्शन असा पर्याय समोर होता. पहिले कॅप्शन थेट माहितीने सुरू होत होते: भाजणीत काय काय आहे, तळणीला कोणते तेल वापरले आहे, ऑर्डर कधीपर्यंत देता येईल. दुसऱ्याची सुरुवात प्रश्नाने होती: ‘तुमच्या घरी चकली मऊ पडते का?’ दोन्ही जाहिराती सारख्याच बजेटवर चालवल्या. प्रत्येकीचा रीच, म्हणजे ती पाहणाऱ्या खात्यांची संख्या, 2000 झाल्यावर माहितीच्या कॅप्शनला 84 जणांनी प्रतिसाद दिला होता आणि प्रश्नाच्या कॅप्शनला 104 जणांनी, म्हणजे अनुक्रमे 4.2 टक्के आणि 5.2 टक्के. (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.) व्यवसाय चालवणाऱ्या काकूंचे म्हणणे होते की निकाल स्पष्ट आहे, आणि ‘24 टक्के जास्त प्रतिसाद’ असे सांगता येईल. गणित म्हणून ते बरोबरही आहे, कारण 104 हे 84 पेक्षा जवळपास 24 टक्क्यांनी जास्त आहेत. पण तो फरक पुन्हा दिसेल का, याचे उत्तर या टक्केवारीत नाही.

एंगेजमेंट रेट म्हणजे प्रतिसाद भागिले रीच, म्हणून हिशेबाला बसण्यापूर्वी अंशात काय घ्यायचे हे ठरवावे लागते. एकाच व्यक्तीने लाइक केले, पोस्ट सेव्ह केली आणि बहिणीला पाठवली, तर तीन कृती मोजल्या जातात, पण मत एकाच व्यक्तीचे असते. कृती मोजल्या तर दहा-बारा उत्साही मंडळी निकाल फिरवू शकतात, आणि पुढची परीक्षाही लागू पडत नाही, कारण ती प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. म्हणून मी इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समधल्या `Accounts engaged` ला `Accounts reached` ने भागतो. फॉलोअर्सच्या संख्येने भागण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण जाहिरात पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण फॉलोअर नसतात.

आता योगायोगाचे माप काढू. दोन्ही बाजूंचा रीच सारखा असेल आणि रेट लहान असेल, तर एक साधी परीक्षा पुरते: दोन्हीकडच्या प्रतिसादांची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ते दुप्पट करावे. हा झाला उंबरठा. दोन्हींमधला फरक त्यापेक्षा कमी असेल, तर तो योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. इथे बेरीज 188, वर्गमूळ सुमारे 13.7 आणि दुप्पट सुमारे 27 होते, तर फरक 20 चाच आहे. यामागचे कारण असे की दोन्हीकडे अक्षरशः एकच कॅप्शन लावले असते, तरीही दोन बाजूंमध्ये 14 किंवा त्याहून जास्त जणांचा फरक साधारण तीन खेपांमागे एकदा आपोआप पडला असता. पूर्ण सूत्राने हिशेब केला तर खरा फरक उणे 0.3 ते अधिक 2.3 टक्के-बिंदूंच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणजे प्रश्नाचे कॅप्शन किंचित वाईट असण्याची शक्यताही त्यात धरलेली आहे. रीच दोन्हीकडे बराच वेगळा असेल, तर ही वर्गमुळाची युक्ती सोडून दोन प्रमाणांची तुलना करणारी नेहमीची चाचणी वापरावी.

मग रीच किती हवा? 4.2 आणि 5.2 टक्के हा फरक खरोखरच असेल आणि पाचपैकी चार खेपांना तो पकडला जावा अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे 7000 खाती लागतात. अर्धा टक्का-बिंदूचा फरक शोधायचा असेल तर ही संख्या साधारण चौपट होते, आणि इथेच बहुतेक छोट्या पेजचे बजेट संपते.

इतका रीच मिळवण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांना पर्याय म्हणून सहज वापरता येत नाहीत. जाहिरातीच्या ए/बी चाचणीत प्रेक्षकांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते आणि एका व्यक्तीला एकच कॅप्शन दिसते. एकाच अॅड सेटमध्ये दोन जाहिराती टाकणे म्हणजे ए/बी चाचणी नव्हे, कारण तिथे सुरुवातीच्या योगायोगाने पुढे गेलेल्या जाहिरातीकडे प्रणाली पैसे वळवते आणि दुसरीला संधीच मिळत नाही. ए/बी चाचणीतही एक दोष उरतो: प्रत्येक जाहिरात तिला प्रतिसाद देतील अशा लोकांकडे नेली जाते, त्यामुळे निकालात कॅप्शनच्या परिणामाबरोबर प्रेक्षकांमधला फरकही मिसळलेला असतो.

दुसरा मार्ग पेजवरच्या नेहमीच्या पोस्टचा. तो फुकट आहे, पण तिथे मोजण्याचे एकक माणूस नसून पोस्ट असते. सोमवारी सकाळी टाकलेली एक पोस्ट आणि रविवारी रात्री टाकलेली दुसरी यांची तुलना म्हणजे प्रत्येक बाजूला एकच नमुना झाला. एखाद्या मोठ्या खात्याने एक पोस्ट शेअर केली की हजारोंचा रीच असूनही तुलना निकामी होते. त्यामुळे इथे एका विशिष्ट कॅप्शनऐवजी कॅप्शनच्या पद्धतीची तुलना करावी. वार, वेळ आणि विषय यांनी जुळणाऱ्या पोस्टच्या आठ जोड्या कराव्यात, जोडीतल्या कोणत्या पोस्टला प्रश्नाने सुरुवात करायची हे नाणे उडवून ठरवावे आणि किती जोड्यांत प्रश्न पुढे राहिला ते मोजावे. आठपैकी सहा जोड्या जिंकल्या की माणूस खूश होतो, पण नुसत्या नाण्यानेही आठपैकी सहा किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता 14 टक्क्यांहून जास्त असते. आठपैकी आठ जिंकल्या तरच मी तो पुरावा म्हणून मांडतो. सात जिंकल्या तर आणखी आठ जोड्यांची वेगळी फेरी करतो.

दोन्ही मार्गांवर सर्वाधिक फसवणूक होते ती मधेमधे डोकावण्याने. फरक उंबरठा ओलांडताना दिसला की तिथेच थांबायचे, असे करत पाच वेळा पाहिले, तर काहीही फरक नसताना फरक ‘सापडण्याची’ शक्यता 5 टक्क्यांवरून सुमारे 14 टक्क्यांवर जाते. म्हणून रीचचा आकडा आधी लिहून ठेवावा आणि तो गाठेपर्यंत निकाल वाचू नये.

फराळाच्या जाहिरातीसाठी आम्ही प्रत्येकी 7000 रीचची नवी चाचणी लावली. माहितीच्या कॅप्शनला 301 आणि प्रश्नाच्या कॅप्शनला 343 जणांचा प्रतिसाद आला. बेरीज 644, वर्गमूळ 25.4, दुप्पट सुमारे 51 आणि फरक 42 चा. एक टक्का-बिंदूचा फरक 0.6 वर आला होता. पहिल्या छोट्या चाचणीत आकर्षक दिसलेले फरक मोठ्या चाचणीत असे आक्रसणे नेहमीचेच आहे. काकूंनी विचारले, ‘दोन्ही चाचण्या एकत्र धरल्या तर?’ एकत्र केल्यावर फरक 62 आणि उंबरठा सुमारे 58 होतो, म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होते! पण पहिल्या चाचणीत प्रश्न पुढे दिसला म्हणूनच दुसरी लावली होती, त्यामुळे ही बेरीज म्हणजे डोकावण्याचाच एक प्रकार ठरतो. दोन्ही फेऱ्या करायच्या हे आधीच ठरवले असते, तर मी ती मान्य केली असती.

शेवटी आम्ही प्रश्नाचेच कॅप्शन लावले. दोन्हींचा खर्च सारखा होता, चूक झाली तरी नुकसान नव्हते आणि जो थोडाफार कल दिसत होता तो त्याच बाजूचा होता. ‘24 टक्के जास्त’ हे वाक्य मात्र अहवालातून काढले आणि त्याजागी ‘फरक उणे 0.1 ते अधिक 1.3 टक्के-बिंदू, अनिर्णित’ असे लिहिले.