गोल डीपीसाठी गिम्प: काही महिने वापरल्यावर

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचं प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आहे. त्यातलं निम्मं काम म्हणजे चेहरे गोलात बसवणं. प्रयोगाच्या जाहिरातीत कलाकारांचे गोल फोटो लागतात, वेबसाइटवर लागतात, आणि ते पाहिलं की प्रत्येकाला स्वतःच्या व्हॉट्सॲपसाठीही तसाच एक हवा असतो. गेले काही महिने हे सगळं मी गिम्प या फोटो सुधारण्याच्या फुकट प्रोग्रॅममध्ये करतोय. आवृत्ती २.१०, जुना लॅपटॉप, पैसे शून्य. गिम्पमध्ये आणखी हजार गोष्टी होतात, पण मी फक्त या एका कामापुरतं लिहितोय.

आधी सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी गोष्ट. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, लिंक्डइनला गोल फोटो द्यायचाच नसतो. चौकोनी द्यायचा, गोल ते स्वतः कापतात. तुम्ही गोल कापून पारदर्शक कोपऱ्यांची पीएनजी चढवली, तर तिथे तिची बहुधा जेपीईजी होते. जेपीईजीला पारदर्शकता माहीत नाही, म्हणून कोपरे काळे किंवा पांढरे होऊन बसतात. नुसत्या गोलात ते दिसत नाहीत, पण व्हॉट्सॲपवर कोणी डीपी उघडून पाहिला की चौकोन जसाच्या तसा समोर येतो. त्यामुळे माझं काम असं असतं: चौकोन कापायचा, पण कापताना नजर आतल्या वर्तुळावर ठेवायची.

हे नजरेचं काम गिम्पमध्ये छान जमतं. क्रॉपचं हत्यार घ्यायचं (`Shift+C`), खालच्या पर्यायांत `Fixed` वर खूण करून `Aspect ratio` ला `1:1` द्यायचं आणि `Expand from center` लावायचं. मग दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या सुरुवातीला माउस दाबून बाहेर ओढायचं. चौकोन चेहऱ्याभोवती सगळीकडून सारखा वाढतो. नंतर तो थोडा वर-खाली सरकवता येतो. कापून झालं की लंबगोल निवडीचं हत्यार (`E`), तेही `1:1`, `Position` शून्य-शून्य आणि `Size` चौकोनाएवढा. आता `Shift+Q` दाबा. वर्तुळाबाहेरचं सगळं लालसर झाकलं जातं आणि डीपी कसा दिसणार ते तिथल्या तिथे कळतं. परत `Shift+Q`, पडदा गेला. या एका सोयीसाठी मी गिम्प सोडत नाही.

किती जवळून कापायचं? हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची उंची चौकोनाच्या बाजूच्या साधारण साठ टक्के, हा माझा हिशेब. चेहरा ६०० पिक्सेल असेल तर चौकोन १००० चा. यापेक्षा सैल ठेवलं तर चॅटच्या यादीत माणूस ओळखू येत नाही. घट्ट केलं तर मान जाते आणि नुसतं मुंडकं तरंगल्यासारखं दिसतं. गळा आणि कॉलरची एक पट्टी राहायलाच हवी.

चौकोन पाहताना वरच्या बाजूला मोकळी जागा भरपूर वाटते, पण वर्तुळ वर जाताना झपाट्याने अरुंद होतं. हजाराच्या चौकोनात वरच्या कडेपासून १०० पिक्सेल खाली वर्तुळाची रुंदी फक्त ६०० असते. साध्या केसांना ती पुरते. अंबाड्यावर गजरा असेल किंवा फेटा असेल, तर मात्र तिथेच कात्री लागते.

आमच्या एका शाहिरी प्रयोगाचा फोटो सांगतो. समूहाचा फोटो, ४००० बाय ३००० चा, त्यातला एकच गडी हवा होता. हनुवटीपासून फेट्याच्या माथ्यापर्यंत बरोबर ९०० पिक्सेल. साठ टक्क्यांचा हिशेब लावला असता तर चौकोन १५०० चा झाला असता आणि त्यात फेटाच मोठा, चेहरा बारका. म्हणून मी फेट्याला थोडं दाटीवाटीने बसवलं: चौकोन १२०० चा, आणि फेट्याचा माथा वरच्या कडेपासून ७० पिक्सेलवर. तिथे वर्तुळाची रुंदी सुमारे ५६० येते. फेटा त्या उंचीवर ४०० च्या आसपास होता, म्हणजे दोन्हीकडे ८०-८० मोकळे. खाली हनुवटीनंतर २३० पिक्सेल उरले, त्यात गळा आणि अंगरख्याचा बंद आला. तुरा मात्र वर वर्तुळाबाहेर गेला, आणि जाऊ दिला. तुरा वाचवायला गेलो असतो तर चेहरा एक-चतुर्थांशाने लहान झाला असता. ज्याचा फोटो होता त्याने तुऱ्याबद्दल दोन दिवस कुरकुर केली, मग तोच फोटो लावला.

आता आजूबाजूचा पसारा. याच फोटोत मागे माइकचा स्टँड, डावीकडे शेजाऱ्याचा कान आणि खांदा, आणि गड्याच्या डोक्याजवळ भिंतीवर पेटलेली ट्यूबलाइट. स्टँड आणि खांदा क्रॉपमध्येच गेले. कान चौकोनाच्या कोपऱ्यात राहिला. चौकोनाचं साधारण एकवीस टक्के क्षेत्रफळ वर्तुळाबाहेरच्या चार कोपऱ्यांत असतं, त्यामुळे गोलात तो कान दिसणारच नव्हता. पण डीपी उघडल्यावर दिसला असता, म्हणून क्लोनच्या हत्याराने (`C`) शेजारच्या भिंतीचा तुकडा `Ctrl` दाबून उचलला आणि मऊ ब्रशने कानावर फिरवला. ट्यूबलाइट मात्र वर्तुळाच्या आत होती. गोल इतका लहान दिसतो की त्यात सगळ्यात उजळ ठिपका पहिल्यांदा डोळ्यात भरतो, चेहरा नंतर. तीही क्लोनने भिंतीत मिटवली, फेट्याच्या कडेला ब्रश बारीक करून.

पार्श्वभूमी पूर्ण काढून टाकायची हौस असेल तर गिम्पमध्ये `Foreground Select` आहे. माणसाभोवती ढोबळ रेघ ओढायची, `Enter`, मग माणसाच्या आत ब्रश फिरवून हा भाग ठेव असं सांगायचं, आणि `Preview mask` लावून कडा पाहायच्या. गुळगुळीत फेटा, टोपी, बसवलेले केस यांना ते चांगलं चालतं. मोकळ्या कुरळ्या केसांत किंवा गजऱ्याच्या फुलांत कडा कुरतडल्यासारख्या येतात. शिवाय मोठ्या फोटोवर माझा लॅपटॉप धापा टाकतो. त्यावर उपाय सोपा आहे: आधी क्रॉप, मग निवड. याच कारणाने मी पार्श्वभूमी काढतच नाही, शांत करतो. थर दुप्पट करून वरच्याला मास्क लावतो, त्या मास्कवर चेहऱ्याच्या जागी काळा ब्रश फिरवतो म्हणजे तिथे खालच्या थरातला चेहरा तसाच दिसतो, आणि मग मास्कऐवजी वरचा थर निवडून उरलेल्या भागाचा उजेड व रंग `Colors` मधून कमी करतो. कडेला थोडी चूकभूल झाली तरी कळत नाही.

बऱ्याच जणांना मागचं धूसर हवं असतं. तिथे एक अडचण ठरलेली आहे. अख्ख्या थराला ब्लर दिला की चेहऱ्याचा आणि केसांचा रंगही मागच्या भागात पसरतो, आणि वर स्पष्ट चेहरा ठेवला की त्याभोवती भुतासारखं वलय येतं. पांढरा फेटा आणि गडद पडदा असेल तर हे हमखास. ते टाळायचं तर खालच्या थरातून आधी माणूसच क्लोनने मिटवावा लागतो, निदान कडेपासून आत बऱ्यापैकी अंतरापर्यंत, आणि मग ब्लर. एवढं करण्यापेक्षा मी उजेड कमी करतो आणि गप्प बसतो.

काही गोष्टी गिम्पच्या हातातल्या नाहीत, फोटो येतानाच बिघडलेल्या असतात. हात लांब करून काढलेली सेल्फी चेहऱ्याने भरलेली असते, क्रॉपला काही उरतच नाही, आणि कॅमेरा जवळ असल्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हे कापून सुधारत नाही. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, दोन-तीन पावलं लांबून दुसऱ्याकडून काढून घ्या, चेहरा जवळ आणायचं काम माझं. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो लहान होऊन येतो, आणि समूहातल्या फोटोत चेहरा जेमतेम दीडशे पिक्सेलचा उरतो. तो ताणला की मेणाचा पुतळा होतो.

झालेला चौकोन मी नेहमी `6.25%` वर झूम करून बघतो. १२०० चा चौकोन तेव्हा ७५ पिक्सेलचा दिसतो, यादीतल्या डीपीच्या जवळपास. एवढ्यावर माणूस ओळखू आला तर काम झालं. नाही आला तर परत क्रॉपकडे. क्रॉपच्या पर्यायांत `Delete cropped pixels` ला खूण नसली तर कापलेला भाग फाइलमध्ये टिकून असतो, त्यामुळे मागे येणं सोपं जातं. पण म्हणूनच `Save` ने होणारी गिम्पची स्वतःची `.xcf` फाइल कोणाला पाठवू नका, मागचा सगळा पसारा तिच्यात असतो. पाठवायची ती `Export As` करून काढलेली जेपीईजी. तिच्या पर्यायांत `Save Exif data` ची खूण काढून टाकली की फोटो कुठे काढला याची नोंदही पुसली जाते. `Save` आणि `Export As` वेगळे असणं नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात वैताग देतं, हे खरं. आमच्या मंडळातल्या दोघांनी तेवढ्यावरच नाद सोडला.

खरोखर गोल फाइल लागते ती जाहिरातीसाठी. त्यासाठी `Layer > Transparency > Add Alpha Channel`, वर्तुळ निवडायचं, `Ctrl+I` ने निवड उलटी करायची आणि `Delete`. अल्फा चॅनल घातला नसेल तर कोपरे पारदर्शक न होता पार्श्वभूमीच्या रंगाने भरतात. करड्या चौकड्या दिसल्या की बरोबर झालं असं समजायचं. मग पीएनजी. छपाईत तीन सेंटीमीटरच्या गोलाला ३०० डीपीआयने ३५० च्या वर थोडे पिक्सेल पुरतात, त्यामुळे १२०० चा चौकोन दहा सेंटीमीटरच्या गोलापर्यंत बिनधास्त चालतो. आमच्या छपाईवाल्याला पारदर्शक पीएनजी कधी पचते, कधी पांढरी चौकट घेऊन येते. म्हणून त्याला मी जाहिरातीच्या रंगावरच गोल चिकटवून सपाट केलेली फाइल देतो.