सोन्याच्या बिस्किटावरची सूट: बिलाचं घ्यावं की बिनबिलाचं?

दुबईत 100 रुपयांना पडणारं चोख सोनं भारतात बिलावर किती रुपयांना पडतं? जुलै 2022 पासून आयात शुल्क 15 टक्के होतं, तेव्हा 115 रुपये आणि त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 118 रुपये 45 पैसे. 24 जुलै 2024 पासून शुल्क 6 टक्क्यांवर आलं आणि हाच आकडा 109 च्या आसपास उतरला. चोरून आणणाऱ्याची सगळी कमाई या फरकातून होते. 18 रुपयांच्या फरकात ने-आण करणाऱ्याचे पैसे आणि पकडलं जाण्याची जोखीम वजा करूनही बरंच उरतं. 9 रुपयांत ते गणित एकदम तंग होतं.

बाजारातली सूट, म्हणजे शुल्क धरून पडणाऱ्या भावापेक्षा कमी दराने होणारी विक्री, बऱ्याचदा इथूनच येते. 15 टक्के शुल्काच्या काळात चोरटा माल जीएसटीआधीच्या 115 ऐवजी 112 ला सुटू लागला की शुल्क भरून आणलेल्या मालालाही भाव खाली आणावा लागतो. मग आयात करणाऱ्या बँकेला प्रत्येक किलोमागे तोटा दिसतो आणि ती माल मागवणंच थांबवते. मात्र प्रत्येक सूट चोरट्या मालाची नसते. भाव फार चढले आणि लोक जुने दागिने मोडायला लागले, तरी सूट पडते. ऐन लग्नसराईत, दुकानात गर्दी असताना, अधिकृत आयात घटत असूनही सूट कायम राहिली, तर मात्र मला शंका येते.

आता समोर ठेवलेली दोन बिस्किटं पाहू. बिलाच्या बिस्किटावर रिफायनरीचा शिक्का आणि अनुक्रमांक असतो. तोच क्रमांक बिलावर उतरवून घेतला की वस्तू आणि कागद एकमेकांना धरून राहतात. शुद्धतेला जबाबदार कोण, हेही ठाऊक असतं. बिनबिलाचं बिस्किट बऱ्याचदा परदेशी शिक्का घालवण्यासाठी वितळवून पुन्हा ओतलेलं असतं. मग शुद्धतेसाठी विकणाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवायची, नाहीतर स्वतः तपासून घ्यायचं. शिवाय सीमाशुल्क कायदा 1962 चं कलम 123 आहे: तस्करीचं असल्याच्या वाजवी संशयावरून सोनं जप्त झालं, तर ते तसं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्यालाच सिद्ध करावं लागतं. कागदच नसेल तर दाखवणार काय? पुढे विकायला गेलात, तर घेणारा हीच जोखीम धरून भाव पाडतो.

बिलासह, पूर्ण जीएसटी लावून दुकानदार मूळ भावात सूट देत असेल, तर ती बिनधास्त घ्यावी. बिनबिलाच्या मालावर 6 टक्के शुल्काच्या काळात, वाहतूक आणि मधल्यांचा नफा वजा जाता, गिऱ्हाइकाच्या हाती 9 रुपयांतले थोडेच उरतात. तेवढ्यासाठी ते बिस्किट मी घेणार नाही.