पंपाचे संरक्षण: केवळ ट्रिप की लो-सिलेक्टर?

पंपाच्या सक्शनचा दाब साधारण १.५ बार असून ०.५ बारला पंप आपोआप बंद करणारी ट्रिप लावलेली आहे, असे धरू. केवळ ट्रिपवर विसंबल्यास सक्शनवरील गाळणी तुंबून दाब उतरू लागला तरी प्रवाह-नियंत्रक व्हॉल्व्ह ६० टक्क्यांवर किंवा त्याहून अधिक उघडा ठेवतो आणि शेवटी पंप एकदम बंद पडतो.

लो-सिलेक्टर दोन नियंत्रकांच्या आउटपुटपैकी लहान ते निवडतो; या मांडणीत ०.८ बारचा सेटपॉइंट असलेला दाब-नियंत्रक सोबत चालतो. त्याचे आउटपुट ४५ टक्क्यांवर उतरले, की दोहोंपैकी हे लहान आउटपुट व्हॉल्व्हकडे जाते आणि पंप कमी प्रवाहावर का होईना, चालू राहतो. मला हीच मांडणी पटते. मात्र बाजूला पडलेल्या प्रवाह-नियंत्रकाचे इंटिग्रल, म्हणजे सेटपॉइंटपासूनची तफावत साठवत जाणारी क्रिया, मोकळे सोडले, तर त्याचे आउटपुट १०० टक्क्यांकडे चढत जाते. मग गाळणी साफ होताच व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि प्रवाह सेटपॉइंटच्या बराच वर जातो. ट्रेंडवर हे स्पष्ट दिसते. हे टाळण्यासाठी सिलेक्टरने निवडलेले आउटपुट दोन्ही नियंत्रकांना एक्स्टर्नल रीसेट म्हणून परत द्यावे, म्हणजे इंटिग्रल व्हॉल्व्हला प्रत्यक्ष मिळणाऱ्या आउटपुटलाच धरून राहते.

सक्शन अचानक तुटल्यास मात्र हा लूप पुरेसा वेगवान नसतो, म्हणून ०.५ बारची ट्रिप स्वतंत्र ट्रान्समीटरवर कायम ठेवावी.